तुम्ही विचारलंत म्हणून: बंद अकाउंटचं अपील

"दादा, माझं फ्रीलान्सिंगचं अकाउंट अचानक बंद केलं. मी तर काहीच चुकीचं केलं नाही. अपिलात लिहू तरी काय?"

आधी त्यांचा ईमेल शांतपणे वाचा. कारण मोघम असतं, पण उत्तर त्याच कारणाला द्यायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्यांत एक कारण वरचेवर दिसतं: एकाच माणसाची दोन अकाउंटं असल्याचा संशय.

फोंड्यातलं एक घर घ्या. बहीण भाषांतरं करते, भाऊ लोगो करून देतो. लॅपटॉप एक, वायफाय एक. त्यात भावाचं बँक खातं नव्हतं, म्हणून त्याचेही पैसे बहिणीच्याच खात्यात जमा व्हायचे. तपासणाऱ्यांना भावंडं दिसत नाहीत. त्यांना दिसतं एकच मशीन, एकच पत्ता, आणि पैसे एकाच खात्यात. भावाचं अकाउंट बंद झालं. घाबरून त्याने दुसऱ्या ईमेलवरून नवं उघडलं आणि खोटा संशय खरा करून ठेवला. बंदी असताना नवं अकाउंट उघडू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

त्याचं पहिलं अपील मी वाचलं. घरची परिस्थिती, रात्री जागून केलेली कामं, हात जोडून विनंती. सगळं खरं होतं, पण निर्णय घेणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नव्हतं. त्याला कळायला हवं की घडलं काय, पुरावा काय आणि आता काय बदललंय. आम्ही नव्याने लिहिलं. इंग्रजी पत्राचा मजकूर साधारण असा होता:

"माझे पैसे बहिणीच्या बँक खात्यात जात होते आणि आम्ही एकच लॅपटॉप वापरत होतो. आम्ही दोन वेगळ्या व्यक्ती आहोत, दोघांची ओळखपत्रं जोडली आहेत. बंदीनंतर मी दुसरं अकाउंट उघडलं, ते नियमाविरुद्ध होतं. त्यावर एकही काम घेतलेलं नाही, ते कायमचं बंद करावं. आता माझ्या नावावर बँक खातं आहे आणि मी वेगळा लॅपटॉप वापरतो. घरातलं वायफाय मात्र एकच राहील."

शेवटचं वाक्य गाळूया का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. पुढच्याच लॉगिनला ते त्यांना दिसणार, मग आपणच आधी सांगितलेलं बरं. त्याचं अकाउंट परत सुरू झालं.

कागदपत्रं जोडताना आपल्या गोव्यात नावाचं स्पेलिंग हमखास आडवं येतं. पॅनवर Naik आणि जुन्या कागदांवर Naique, असं असेल तर ते अपिलातच एका ओळीत सांगा. फोटोत कार्डाचे चारही कोपरे दिसू द्या. काही खोडू नका, उजळवू नका. फेरफार केलेला वाटला तर खरा कागदही नाकारला जातो.

बंदीचं कारण प्लॅटफॉर्मबाहेर पैसे घेणं किंवा विकतचे रिव्ह्यू असेल आणि ते खरं असेल, तर मात्र असं पत्र क्वचितच चालतं. तिथे कबुली द्या, आणि अडकलेल्या रकमेबद्दल वेगळा अर्ज करा.