जर्मन बातम्यांच्या मागून बोलणं: नवव्या आठवड्याची नोंद

जर्मनची बी१ पातळी होऊन वर्ष झालं, बी२ची तयारी चालू आहे. गुहागरला घरीच असते, त्यामुळे जर्मन कानावर पडतं ते हेडफोनमधूनच. गेले नऊ आठवडे रोज पहाटे पाऊण तास शॅडोइंग करतेय, म्हणजे निवेदक बोलत असतानाच अर्धा-पाऊण सेकंद मागून आपण तेच मोठ्याने बोलत जायचं. एकाच वेळी भाषांतर करणारे दुभाषे शिकताना हा सराव करतात, तिथूनच तो भाषा शिकणाऱ्यांकडे आला.

आधी मजकुराविषयी, कारण पहिले तीन आठवडे माझे तिथेच गेले. सुरुवात डॉइचे वेलेच्या 'लांगझाम गेश्प्रोखेने नाखरिश्टन'पासून केली. हळू वाचलेल्या बातम्या, सोबत पूर्ण मजकूर. आठ-दहा दिवसांत मागून बोलणं जमायला लागलं. मग डॉइचलांडफुंकचं तासाचं बातमीपत्र लावलं तर पुन्हा जैसे थे. कारण नंतर लक्षात आलं. हळू वाचताना निवेदक प्रत्येक अक्षर सुटं उच्चारतो. नेहमीच्या वेगात 'हाबन'चं 'हाबम' होतं, 'आयनन'चं नुसतं 'आयन्न' उरतं. माझा कान अडत होता तो या गिळलेल्या अक्षरांवर, आणि हळू वाचनात ती गिळलेलीच नसतात. म्हणून आता नेहमीच्या वेगाचं ध्वनिमुद्रण घेते आणि अगदी अडलं तरच प्लेअरमध्ये वेग ०.८ करते. असं केलं की आवाज संथ होतो, पण गिळलेलं अक्षर गिळलेलंच राहतं. आपल्याला तेच ऐकायचं आहे.

बातमी निवडायची माझी कसोटी एकच: डोळ्यांना सोपी, कानाला अवघड. मजकूर एकदा वाचला की अर्थ लागला पाहिजे, शंभर शब्दांत दोन-तीनच नवे असावेत. वाचूनही कळत नसेल तर अडचण शब्दसंग्रहाची आहे, त्यावर शॅडोइंग हा उपाय नाही. लांबी ४० ते ६० सेकंद, म्हणजे एकच बातमी. आणि एक बातमी तीन दिवस. रोज नवी घेत होते तेव्हा कुठलीच नीट ऐकली जात नव्हती.

पहिल्या दिवशी मजकूर न बघता दोनदा ऐकते आणि काय कळलं ते मराठीत दोन ओळींत लिहिते. मग मजकूर वाचून नवे शब्द बघते. त्यानंतर नुसतं पुटपुटायचं, आवाज न काढता, फक्त लय पकडायला. दुसऱ्या दिवशी मजकूर समोर ठेवून निवेदकाबरोबर चार-पाच वेळा वाचायचं, मग कागद उलटा ठेवून मागून बोलायचं. तिसऱ्या दिवशी कागद नाही, फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि मजकुराशी शब्द न् शब्द ताडायचं. हेडफोन एकाच कानात, दुसरा कान मोकळा, म्हणजे स्वतःचा आवाज कळतो. पावसाळ्यात पडवीच्या पत्र्यावर सर आली की हे अशक्य होतं, म्हणून रेकॉर्डिंग माजघरात.

खरं शिकणं त्या तिसऱ्या दिवसाच्या ताडण्यातच आहे. मी चुकांवर तीन खुणा करते: शब्द गळला, शब्द उशिरा आला, शब्द बदलला. गळलेला आणि उशिराचा शब्द आपल्याला बोलतानाच कळतो, जीभ अडखळते. बदललेला कळतच नाही. बोलणं सुरळीत चालू असतं आणि आपण ऐकलेलं नाही, अपेक्षित असलेलं बोलतो.

सहाव्या आठवड्यातलं उदाहरण देते. वाक्य होतं, 'दी मिनिस्टेरिन झाग्टे, दी फरहांडलुंगन झायन नोख निश्ट आप्गेश्लोसन.' म्हणजे मंत्री म्हणाल्या, की वाटाघाटी अजून पूर्ण झालेल्या नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये मी तिन्ही वेळा 'झायन'च्या जागी 'झिंट' म्हटलेलं सापडलं. अर्थ जवळपास तोच, म्हणून माझ्या मनाने नेहमीचं रूप घालून टाकलं. पण बातम्यांत हे रूप सगळीकडे आहे. 'झाय', 'झायन', 'हाबे' असं आलं की निवेदक सांगतो, हे माझं विधान नाही, बोलणाऱ्याचं आहे. मला ते आपल्या 'म्हणे'सारखं वाटलं: 'वाटाघाटी म्हणे अजून पुरत्या झालेल्या नाहीत.' फरक एवढाच, की आपल्या 'म्हणे'त थोडी शंका असते, जर्मन रूपात ती नसते. हा धागा हाती लागल्यावर मी आठवडाभर अशाच बातम्या निवडल्या ज्यांत कुणाचं तरी म्हणणं आहे. पुढे मोठा फायदा झाला. बातमीत 'झाग्टे' एकदाच येतं, नंतरची तीन-चार वाक्यं नुसत्या या रूपावर चालतात, आणि ती कुणाची वाक्यं आहेत हे आता ऐकतानाच कळतं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. 'झीबनउंटझेश्त्सिश' आलं की मी दोन शब्द मागे पडायचे. का, ते शोधलं तर मी मनात आधी इंग्रजीत सिक्स्टी सेव्हन करत होते, म्हणजे ऐकलेला क्रम उलटा करत होते. जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक नंतर, आणि मराठीतही तसंच: सदुसष्ट, सात आणि साठ. आता आकडा थेट मराठीतच पकडते, 'फ्युन्फउंटफिर्त्सिश' म्हणजे पंचेचाळीस, आणि मागे पडणं जवळजवळ थांबलंय. अपवाद नऊचा. 'नॉइनउंटफिर्त्सिश' म्हणजे नऊ आणि चाळीस, पण आपण एकोणपन्नास म्हणतो, तिथे आपला शब्द पुढच्या दशकावर उडी मारतो. एकोणीस सोडून एकोणतीस ते एकोणऐंशी हे सहा आकडे मी वेगळे घोकले. (८९ला नव्याऐंशी म्हटलं तर, आणि नव्व्याण्णवला, हा प्रश्न नाही, कारण तिथे आपणही नऊ आधीच म्हणतो.)

एका गोष्टीपासून सावध राहा. सातव्या आठवड्यात माझं मागून बोलणं फारच छान व्हायला लागलं, जवळजवळ निवेदकाला चिकटून. पण बातमी संपल्यावर ती मराठीत सांगायला गेले तर निम्मी आठवेना. अंतर फार कमी ठेवलं तर नुसते आवाज उचलले जातात, अर्थापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. आता मुद्दाम तीन-चार शब्द मागे राहते आणि शेवटी दोन वाक्यांत बातमी सांगते. सांगता आली नाही तर ती फेरी धरायची नाही. उलट सात-आठ शब्द मागे गेलं तर वाक्याची सुरुवातच हातातून सुटते.

मोजमाप म्हणून पहिल्या आणि नवव्या आठवड्याच्या दोन बातम्या ताडल्या, दोन्ही साधारण ८५ शब्दांच्या. पहिलीत १९ शब्द गळले होते, त्यातले १४ 'डेन', 'त्सू', 'एस' असे बारीक. नवव्यात गळले ५, बदलले ३. बातम्या वेगळ्या, त्यामुळे तुलना ढोबळच.

ते तीनही बदललेले शब्द 'डेम'च्या जागी 'डेन' होते. पुढच्या शब्दाची सुरुवात 'ब' किंवा 'प'ने असली की 'डेन'चा शेवटही 'म'कडे झुकतो, म्हणून नुसत्या कानाने फरक पकडणं कठीण आहे. पुढचे तीन दिवस हवामानाची एकच बातमी घेणार आहे. तिच्यात 'इम नॉर्डन', 'आन डेन क्युस्टन', 'आउस डेम वेस्टन' अशी रूपं भरपूर असतात.