आडात पडलेला झोंबी

जुलैतला शनिवार होता. कोथरूडमधल्या आमच्या ऑफिसात चार इंजिनिअरिंगची मुलं आमचा झोंबी गेम खेळत बसली होती, आणि पाच मिनिटं झाली तरी त्यांच्यावर एकही झोंबी चालून आला नव्हता. मी मागे खुर्ची टाकून बसले होते. डायरेक्टर मी लिहिलेला, त्यामुळे काही बिघडलं तर पहिली नजर माझ्याकडेच वळायची. आमचा लेव्हल डिझायनर दारात चहाचा ग्लास घेऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, "अगं, तुझा डायरेक्टर जेवायला गेलाय का?"

डायरेक्टर म्हणजे कोण, ते आधी सांगते. चौघांनी मिळून खेळायच्या झोंबी गेममध्ये शत्रू कधी, कुठून आणि किती सोडायचे हे ठरवणारा कोडचा भाग. ही कल्पना लोकांना माहीत झाली ती २००८ च्या 'लेफ्ट फोर डेड'मुळे. माइक बूथ यांनी २००९ मध्ये त्यावर एक सादरीकरण केलं होतं आणि आमची रचना जवळजवळ तिथूनच उचललेली आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावावर ताणाचा एक आकडा ठेवायचा, आमच्याकडे शून्य ते एक. मार बसला की जेवढी इजा तेवढा तो वाढतो. खेळाडू आडवा झाला की एकदम उडी मारतो. झोंबी जवळ मेला तर जास्त वाढतो, लांब मेला तर कमी. बाकी वेळ तो आपोआप उतरत राहतो, आमच्याकडे सेकंदाला ०.०४ ने. मात्र एखादा झोंबी खेळाडूच्या अंगावर धावून येत असेल तोवर उतरण थांबलेली असते. हे बरोबरच आहे. वाघ मागे लागलेला असताना कुणाच्या छातीची धडधड कमी होत नाही.

या आकड्यावरून डायरेक्टर चार टप्प्यांतून फिरतो. ऑफिसात आम्ही त्यांना ट्रेकच्या भाषेत नावं ठेवली आहेत: चढ, माथा, उतार, विसावा. चढावर झुंडी येत राहतात, ताण वाढत जातो. कुणाचाही ताण टोकाला गेला की माथा. तिथे आणखी तीन ते पाच सेकंद रेटा ठेवायचा. मग उतार, म्हणजे नवी झुंड बंद, आणि ताण खाली येईपर्यंत वाट बघायची. मग ३० ते ४५ सेकंदांचा विसावा. गोळ्या भरा, औषधपट्टी करा. त्याआधीच खेळाडूंची टोळी बरीच पुढे चालून गेली तर विसावा तिथेच संपतो आणि पुन्हा चढ सुरू.

यातली एक गोष्ट नवीन माणसाला नेहमी खटकते. चौघांपैकी सर्वांत जास्त ताण ज्याचा, त्याचाच आकडा डायरेक्टर धरतो, सरासरी नाही. समजा एकाला झोंबी ओरबाडताहेत आणि त्याचा ताण एक आहे, बाकीचे तिघे ०.२, ०.१, ०.१ वर निवांत आहेत. सरासरी येते ०.३५. एवढ्या आकड्यावर डायरेक्टरला वाटेल मंडळी आरामात आहेत, आणि तो मेलेल्याला मारायला आणखी तीस झोंबी पाठवेल. म्हणून कमाल आकडा. उतारावरून विसाव्यात जायचं तर चौघंही आमच्या ०.६ च्या रेषेखाली यायला हवेत.

त्या दिवशीचा लेव्हल पेठेतल्या जुन्या वाड्याचा होता. लेव्हल डिझायनरचं आजोळ नारायण पेठेतलं. त्याने आठवणीतून दिंडीदरवाजा, चौक, ओसरी, माडी सगळं उभं केलं होतं, आणि चौकाच्या कोपऱ्यात एक आड. पाणी नसलेला, सहा मीटर खोल, काठ गुडघ्याएवढा. आम्हाला सगळ्यांना तो फार आवडायचा.

पहिली झुंड चौकातच आली आणि छान रंगली. पिवळा खेळाडू आडवा झाला, लालने त्याला उठवलं, हिरव्याने ओसरीवरून सगळे टिपले. माथा झाला, उतार सुरू झाला. इथपर्यंत सगळं पाठ केल्यासारखं. आणि मग काहीच नाही.

त्या शांततेत मुलं कशी वागली याचं मला अजून कुतूहल वाटतं. पहिलं मिनिट त्यांनी औषधपट्टीत घालवलं. दुसऱ्या मिनिटाला ती कुजबुजायला लागली, हेडफोन घातलेले असूनही. "थांब थांब, काहीतरी येणारे." माडीच्या जिन्यावर चौघं पाठीला पाठ लावून चढली, दर पायरीला मागे वळून बघत. चौथ्या मिनिटाला निळ्याने बंद दारावर उगाच तीन गोळ्या घातल्या. पाचव्या मिनिटाला हिरवा म्हणाला, "काय राव, सगळे झोंबी लक्ष्मी रोडला गेले काय?" आणि सहाव्या मिनिटाला विषय मिसळीवर गेला होता. म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं भीती वाढत गेली आणि नंतर सांडून गेली. डायरेक्टरच्या वहीत मात्र सहाही मिनिटं एकच नोंद होती: मंडळी फार ताणात आहेत, त्रास देऊ नका.

माझा पहिला संशय उतरणीच्या वेगावर गेला. दोन दिवसांपूर्वी मीच तो बदलला होता. पण ०.०४ च्या हिशेबाने एकवरून ०.६ वर यायला दहा सेकंद पुरतात, सहा मिनिटं नाही. मग मी माझ्या स्क्रीनवर ताणाचे चार आलेख उघडले. लाल, हिरवा, निळा तिघांच्या रेघा शून्याला टेकलेल्या. पिवळ्याची रेघ मात्र ०.९३ वर सपाट. किंचितही हलत नव्हती.

इथे एक खूण सांगून ठेवते. ताणाची रेघ खरोखर लढाईमुळे वर असेल तर ती करवतीसारखी दिसते: मार बसला की वर, झोंबी मेला की थोडी वर, मधे खाली. उंचावरची सरळसोट रेघ म्हणजे उतरण कुणीतरी अडवून धरली आहे आणि बाकी काहीही घडत नाहीये. म्हणजे पिवळ्याच्या मागे एक झोंबी आहे. पण पिवळा तर माडीवर मिसळीची चर्चा करतोय.

मी जिवंत झोंब्यांची यादी काढली. एकच होता. त्याची उंची उणे सहा मीटर.

"आडात पडलाय," मी म्हणाले.

लेव्हल डिझायनरने ग्लास खाली ठेवला. "आडात आहे म्हणून पोहऱ्यात येत नाही होय!"

झुंडीच्या रेटारेटीत तो काठावरून आत गेला होता. पडताना त्याचं लक्ष्य पिवळा होता, आणि खाली पडल्यावरही तो पिवळ्याच्याच दिशेने भिंतीत तोंड खुपसून धावत होता, जागच्या जागी. माझी तपासणी होती ती एवढीच:

```
bool engaged = (z.target == p);
if (!engaged) p.intensity -= 0.04f * dt;
```

अंतर नाही, रस्ता नाही, काही नाही. लक्ष्य धरलंय म्हणजे अंगावर येतोय.

तरीही तो सुटायला हवा होता, कारण टोळी पुढे गेली की मागे राहिलेले, कुणाच्या नजरेत नसलेले झोंबी आम्ही पुसून टाकतो. पण त्या नियमाला मीच अपवाद घातला होता: जो कुणाच्या मागे लागलाय त्याला पुसू नका, नाहीतर पाठलाग करणारा झोंबी कोपऱ्यावर वळताना अदृश्य होतो आणि खेळाडू चिडतात. झालं. मागे लागलाय म्हणून पुसायचा नाही, आणि पुसलेला नाही म्हणून मागे लागलेलाच. वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले दोन शहाणे नियम एकमेकांना धरून बसले होते. त्यात भर म्हणजे पुढे चालत गेलं की लवकर संपायची सोय विसाव्याला होती, उताराला नव्हती. मुलं वाडा ओलांडून गेली असती तरी फरक पडला नसता.

हे आम्ही शोधत होतो तोवर सातवं मिनिट लागलं आणि माडीवरच्या दारातून राक्षस आला. आमच्या गेममधला तो सर्वांत मोठा. त्याला ताणाचा हिशेब लागू नाही. लेव्हलच्या सुरुवातीला त्याची जागा रस्त्यावर ठरते आणि टोळी तिथे पोचली की तो येतो, कुणी दमलेलं असो वा नसो. 'लेफ्ट फोर डेड'मध्येही मोठे शत्रू या लयीच्या बाहेरच ठेवलेले आहेत. मिसळ तर्रीपर्यंत पोचली असताना तो दार फोडून आत आला. निळ्याने हेडफोन काढून फेकला. अर्ध्या मिनिटात चौघंही गारद.

मी तोंड लपवून बसले. पण मुलांनी अभिप्रायाच्या कागदावर काय लिहिलं? तिघांनी वाड्यातली शांतता हाच सगळ्यात भारी भाग ठरवला. एकाने तर लिहिलं, "एवढा वेळ कोण थांबवतं? नाद!"

जेवताना यावरून भांडण झालं. लेव्हल डिझायनरचं म्हणणं, लोकांना आवडलंय, दुरुस्त कशाला करतेस. माझं म्हणणं, त्यांना राक्षसाचा धक्का लक्षात आहे, पाचव्या-सहाव्या मिनिटाचा कंटाळा ते विसरलेत, रेकॉर्डिंग ऐक. ऐकलं. अडीच-तीन मिनिटांपर्यंत तो बरोबर होता, त्यापुढे मी. शेवटी वाड्यापुरता विसावा ३०-४५ सेकंदांऐवजी दीड मिनिटाचा करायचं ठरलं, पुढे चालल्यावर तो लवकर संपायची अट काढून. माझ्या मते दीड मिनिटही जास्तच आहे, पण असो.

दुरुस्ती मात्र पहिल्या फटक्यात जमली नाही. मी आधी "रस्ता आहे का" एवढंच विचारलं, आणि रस्ता शोधणाऱ्या कोडने आडातल्या झोंब्यासाठी खुशाल "आहे" सांगितलं. कारण पूर्ण रस्ता नसेल तर तो जिथवर जाता येईल तिथवरचा अर्धा रस्ता देतो, आणि मी अर्धा की पूर्ण ते विचारलंच नव्हतं. मग खेळाडूपासूनचं अंतर कमी होतंय का ते मोजायचा विचार केला. पण पळणाऱ्या खेळाडूमागे त्याच वेगाने धावणाऱ्या झोंब्याचं अंतरही कमी होत नाही, आणि तो तर खराखुरा पाठलाग. शेवटी झोंब्याचीच हालचाल धरली. गेल्या पाच सेकंदांत तो मूळ जागेपासून दोन मीटर तरी सरकला असेल किंवा त्याने कुणाला ओरबाडलं असेल, तरच तो अंगावर येतोय असं मानायचं. आड दीड मीटर रुंद आहे, त्यात कितीही धडपडला तरी दोन मीटर भरत नाहीत.

```
bool engaged = z.target == p && (z.moved5s > 2.0f || z.hit5s);
```

दुपारी तीनला दुसरी टोळी बसली, तीन मुली आणि एकीचा भाऊ. चौकात झुंड आली, रेटारेटी झाली आणि पुन्हा एक झोंबी आडात पडला. मी श्वास धरून आलेख बघत होते. तो पडला होता हिरवीच्या नावाने. पाच सेकंद तिची रेघ सपाट राहिली, मग वाकली आणि तिरकी खाली आली. विसावा सुरू झाला. पण झोंबी पुसला गेला नाही, कारण टोळी अजून चौकातच होती.

त्या दीड मिनिटात हिरवी गोळ्या शोधत आडापाशी गेली आणि सहज टॉर्च आत मारला. खालून ते तोंड वर वळलं. तिची किंकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही ऐकली असावी.

आडावर झाकण टाकायचं काम त्या सकाळीच आमच्या यादीत लिहून ठेवलं होतं. लेव्हल डिझायनर उठला आणि त्याने ते खोडलं. या वेळी मी काही बोलले नाही.