दोघींचे नऊ मिलिमीटर

गणपती होऊन पंधरा दिवस झाले असतील. देवगडजवळच्या एका गावातून सासू-सून माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेचं वय 27, लग्नाला दोन वर्षं, मूल हवं होतं. हातात दुसरीकडे केलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट. बसायच्या आधीच सासूबाईंनी विचारलं, "बाई, हिच्या पोटात गाठ आसा म्हणतत. आपरेशन करूक लागात काय?"

रिपोर्टमध्ये तीन गोष्टींखाली पेनाने रेघा मारलेल्या होत्या. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी 9 मिलिमीटर. उजव्या अंडाशयात 21 मिलिमीटरची पाण्याची गाठ. डाव्या अंडाशयात 14 बारीक पुटिका, आणि पुढे पीसीओडीची शंका. शेवटच्या पाळीची तारीख लिहायची जागा मात्र कोरी होती. त्या तारखेशिवाय हे आकडे वाचताच येत नाहीत. तारीख विचारल्यावर सून चटकन म्हणाली, "गौरी गेल्या त्याच दिवशी." सोनोग्राफीची तारीख पाहून बोटांवर मोजलं, तर पाळीचा 13 वा दिवस निघाला. पाळी दर 28-29 दिवसांनी, नियमित.

मग कागदावर अंडाशय काढून तिला दाखवलं. दर महिन्याला काही बारीक पुटिका वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते, पाण्याने भरत 20 मिलिमीटरच्या आसपास मोठी होते आणि महिन्याच्या मध्यावर फुटून बीज बाहेर टाकते. सोनोग्राफीत ती पातळ भिंतीची, आतून काळीभोर, गोल दिसते. तिच्या रिपोर्टमधलं वर्णन शब्दन् शब्द तसंच होतं. "म्हणजे ही गाठ नव्हे," मी म्हटलं, "हे तुझं त्या महिन्याचं बीज." ती माझ्याकडे बघतच राहिली. तिची जाऊबाई तिला आठवडाभर 'गाठ फुटेल, जड उचलू नको' असं बजावत होती.

अस्तराचंही तसंच. पाळी संपते तेव्हा ते 3-4 मिलिमीटर असतं, बीज फुटायच्या सुमारास 8 ते 12 पर्यंत वाढतं. तेराव्या दिवशी 9 म्हणजे अगदी वेळेवर.

पुटिकांच्या आकड्याला मात्र जरा वेळ द्यावा लागला, कारण 'पीसीओडी' हा शब्द तिने मोबाईलवर शोधून पाहिला होता. 2003 साली ठरलेल्या निकषांत एका अंडाशयात 12 पुटिका पुरेशा मानल्या होत्या. यंत्रं सुधारली तशा निरोगी बायकांतही तेवढ्या दिसू लागल्या, म्हणून 2018 मध्ये तो आकडा 20 केला गेला. तोही योनीमार्गातून केलेल्या चांगल्या सोनोग्राफीसाठी. हिची पोटावरून केलेली होती. तशात मोजणीवर विसंबता येत नाही, अंडाशयाचं आकारमान पाहायचं. डाव्या अंडाशयाची मापं 33, 21 आणि 19 मिलिमीटर, यांचा गुणाकार करून 0.52 ने गुणलं की साधारण 6.8 मिलिलिटर. 10 च्या वर असतं तर विचार केला असता. शिवाय पाळी वेळेवर, चेहऱ्यावर जादा केस नाहीत, मुरमं नाहीत. नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान होत नाही. पुढच्या पाळीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करू, एवढंच ठरलं.

उठता उठता सासूबाई थांबल्या. सुनेला बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच म्हणाल्या, "माका पण मधी दोनदा डाग दिसले. पाळी जावन सा वर्सां झाली. उष्णतेचा आसात म्हणान गप ऱ्हवलंय."

त्यांची सोनोग्राफी मी लगेच केली. अस्तर 9 मिलिमीटर.

तोच आकडा, पण मला धस्स झालं. पाळी गेल्यावर अस्तर वाढवणारं चक्रच थांबलेलं असतं. अशा बाईला डाग दिसला आणि अस्तर 4 मिलिमीटरच्या वर असलं, तर तुकडा तपासल्याशिवाय राहायचं नाही. सगळ्यांनाच कर्करोग निघतो असं मुळीच नाही, पण तो तिथे नाही हे आकडा सांगू शकत नाही. हे सगळं त्यांना तसंच सांगितलं. बारीक नळीने नमुना घेतला.

अहवालात अस्तराची अवाजवी वाढ आली, पेशींत कर्करोगाकडे झुकणारे बदल नव्हते. गर्भाशयात संप्रेरक सोडणारं साधन बसवलं. सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घ्यायचा आहे.

सून पाळीच्या चौथ्या दिवशी आली. उजवीकडची 'गाठ' नाहीशी झालेली, अस्तर 4. जाताना तिने सासूबाईंची फाईल मागून घेतली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: पाळी जाऊन 6 वर्षं, डाग 2 वेळा.