ओठ दिसतात, जीभ दिसत नाही

"व्हिडिओला आवाज नसला तरी माणूस काय बोलतोय ते कॉम्प्युटरला ओठांवरून कळतं ना?"

थोडंफार कळतं. पण बाकीचं तो स्वतःच भरतो, आणि तेही न सांगता.

आरशासमोर उभं राहून आधी 'पाटी आण' म्हणा, मग 'माती आण'. प आणि म, दोन्हींना ओठ सारखेच मिटतात. म म्हणताना हवा नाकातून जाते, पण ते बाहेरून दिसत नाही. ट आणि त यांतला फरक जिभेचा, म्हणजे बहुतेक दातांआडचा. आवाज बंद असला की ही दोन वाक्यं चेहऱ्यावर जवळपास एकच होतात. क, ख, ग तर घशाजवळ तयार होतात, तिथे बघायला काही नसतंच.

मग कॉम्प्युटर निवड कशी करतो? आजूबाजूच्या शब्दांवरून. आधी 'कुंडीत घालायला' आलं असेल तर तो 'माती' लिहितो, आणि बहुधा बरोबर असतो. पण ही माहिती ओठांनी दिलेली नसते, ती भाषेच्या सवयीवरून काढलेली असते. म्हणूनच नावं, आकडे, पत्ते इथे तो सर्वांत जास्त घसरतो, कारण तिथे मागचापुढचा संदर्भ फारशी मदत करत नाही. नेमकं तेच तर लोकांना हवं असतं!

२०१६ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या लिपनेट या ओठ वाचणाऱ्या प्रोग्रामने ९५ टक्के अचूकता गाठली आणि मोठा गाजावाजा झाला. त्यातली वाक्यं कशी होती ते फारसं कुणी पाहिलं नाही. ती सगळी एकाच साच्यातली: क्रियापद, रंग, शब्दयोगी, इंग्रजी अक्षर, अंक, क्रियाविशेषण. एकूण शब्द ५१. रंगाच्या जागी चारच पर्याय असतील तर ओठांची अर्धवट झलकही पुरते. मोकळ्या बोलण्यावर नंतर पुष्कळ प्रगती झाली, पण तीही मुख्यतः चांगल्या उजेडातल्या, कॅमेऱ्याकडे तोंड असलेल्या वक्त्यांवर.

सीसीटीव्हीचं फुटेज मात्र वेगळं. कॅमेरा छताजवळ, तोंड मोजक्या पिक्सेलांत, आणि कधीकधी सेकंदाला दहाच फ्रेम. प साठी ओठ मिटतात ते सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी वेळ. ते मिटणं दोन फ्रेमच्या मधे पडलं की 'पाटी'ची 'आटी' होते, आणि मग प्रोग्राम तिच्याऐवजी एखादा खराखुरा, पण भलताच शब्द बसवतो. वाक्य व्याकरणशुद्ध येतं, म्हणून वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

असा मजकूर कुणी पुढे केला तर मी एक गोष्ट करायला सांगतो. प्रोग्राम व्हिडिओतली तोंडाभोवतीची जी चौकट बघतो ती किंचित सरकवा, क्लिप दोन-तीन फ्रेम उशिरा सुरू करा आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवा. जे शब्द बदलतात ते अंदाज समजा. जे टिकतात तेही खरे असतीलच असं नाही, कारण 'माती'चा अंदाज दर वेळी तसाच चुकू शकतो.