अनलिमिटेड प्लॅन आणि वरचे पंधरा युरो

ऑगस्ट २०२५ मध्ये तीन आठवडे पोर्तुगालला होतो. परत जर्मनीत आलो तर मोबाइलचं बिल २३.८० च्या जागी ३९.२७ युरो. प्लॅन अनलिमिटेड! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग अनलिमिटेड कशाला म्हणतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून बिल उलगडून बसलो.

युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून रोमिंगचा वेगळा आकार नाही. सदस्य देशांत घरच्याच दराने बोला, घरच्याच दराने नेट वापरा. आपल्याकडे कुणी हे विचारलं की मी जरा ऐटीतच सांगायचो. पण तिथे तुमचा फोन परक्या नेटवर्कवर चालतो आणि त्याचे पैसे तुमची कंपनी त्या कंपनीला मोजते. म्हणून अनलिमिटेड प्लॅनच्या रोमिंगवर कंपनीला 'फेअर यूसेज' मर्यादा लावता येते. तिचं गणित ठरलेलं आहे: प्लॅनची करपूर्व किंमत भागिले कंपन्यांमधला कमाल घाऊक दर, गुणिले दोन. माझा प्लॅन १९ टक्के कर वगळून २० युरोंचा. घाऊक दर २०२५ साली जीबीला १.३० युरो. म्हणजे साधारण ३०.८ जीबी. मी ऑफिसचं काम हॉटस्पॉटवर केलं आणि ४०.८ जीबी उडवले. वरच्या दहा जीबीचे १३ युरो, त्यावर कर, एकूण १५.४७.

मर्यादा संपल्याचा एसएमएस आला होता. किनाऱ्यावर कोण वाचतं! (तो घाऊक दर दरवर्षी उतरतो, २०२६ साठी १.१० आहे, म्हणजे त्याच प्लॅनमध्ये ३६ जीबी मिळतात. उशीरच झाला.)

आपल्याकडे एफयूपी संपली की वेग ६४ केबीपीएसवर घसरतो. चिडचिड होते, पण प्रीपेडमध्ये खिशातून काही जात नाही. मला तेच बरं वाटतं, निदान पाटी सरळ असते. व्हॅलिडिटीबद्दल मात्र बोलायची सोय नाही: २८ दिवसांच्या 'महिन्या'वरून, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्जवरून, मी किती नावं ठेवली होती, आणि इथल्या बहुतेक प्रीपेड प्लॅनची मुदतही चार आठवडेच. डेटा रोलओव्हरचा मोह अनलिमिटेडवाल्याला नाहीच. ज्यांना आहे त्यांनी एवढंच पाहावं की उरलेला डेटा किती दिवस टिकतो, आणि मुदत संपल्यावर रिचार्ज केलं तर तो मिळतो की बुडतो.

आता पुढच्या महिन्यात स्वित्झर्लंड. ते युनियनमध्ये नाही, त्यामुळे कंपनीने आपणहून प्लॅनमध्ये घेतलं नसेल तर रोमिंगचे दर ती म्हणेल ते. सरहद्दीजवळ तर जर्मन बाजूला उभे असतानाही फोन पलीकडचा टॉवर पकडतो. नकाशे आधीच उतरवून ठेवलेत आणि डेटा रोमिंगचं बटण आदल्या रात्रीच बंद करणार आहे.