गळ्यात मारणं थांबवायचं तर इन्सेंटिव्ह कसा बांधावा: माझा अनुभव

घरगुती उपकरणांच्या काउंटरवर सहा जण होते आणि इन्सेंटिव्हची जुनी पद्धत अगदी साधी होती. प्रत्येकाला महिन्याचं टार्गेट, ते पूर्ण केलं तर ठरलेली रक्कम, नाहीतर शून्य. शिवाय वाढीव वॉरंटी विकली की दर नगामागे वेगळे पैसे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी एकाच सुराच्या होत्या: नको म्हटलं तरी सोडत नाहीत. ही पद्धत बदलण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ‘स्टाफला समज द्या’ हा पहिला सल्ला मिळाला. तो मी बाजूला ठेवला आणि आधी बिलं काढली.

दोन आकडे पुरेसे होते. शंभर बिलांमागे किती वॉरंट्या गेल्या, हे रोजच्या रोज मांडलं. मग त्यातल्या किती पुढच्या ३० दिवसांत रद्द झाल्या, हे पाहिलं. महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत वॉरंटीची विक्री एकदम उसळायची आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रद्द करणाऱ्यांची रांग लागायची. गिऱ्हाइकाची गरज काही तारीख बघून वाढत नाही. त्यामुळे असा चढ दिसला की दोष माणसांत शोधण्याआधी योजनेत शोधावा. २६ तारखेला ९६ टक्क्यांवर असलेल्या माणसाला पुढच्या दोन-चार नगांवर पूर्ण महिन्याची रक्कम मिळणार किंवा जाणार असते. एरवी सभ्य वागणारा माणूसही अशा वेळी रेटतो.

हा धडा जुनाच आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानसाखळीच्या वाहनदुरुस्ती केंद्रांमध्ये गरज नसलेली दुरुस्ती विकली जाते, असा आरोप कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने केला. त्यानंतर कंपनीने तिथल्या सर्व्हिस अॅडव्हायझरचं कमिशनच बंद केलं. आम्हाला इन्सेंटिव्ह पूर्ण बंद करायचा नव्हता, कारण तो नसला की गर्दीच्या वेळी काउंटर सोडून मागच्या खोलीत आवराआवर करणारे वाढतात.

पहिला बदल ‘सगळं नाहीतर शून्य’ या पायरीऐवजी उतार देण्याचा. टार्गेट आता सहाही जणांचं मिळून एकच, आणि मोजायची ती परत आलेला माल वजा करून उरलेली विक्री. १०० टक्के झाले तर प्रत्येकाला मूळ पगाराच्या ७ टक्के. ८० टक्क्यांपर्यंत काही नाही, तिथून पुढे प्रत्येक टक्क्याला ०.३५, आणि ११० टक्क्यांवर थांबा. म्हणजे ९६ टक्क्यांवर संपलेल्या महिन्यात १६ गुणिले ०.३५, म्हणजे ५.६ टक्के मिळतात. जुन्या पद्धतीत शून्य मिळालं असतं. शेवटच्या दिवशी आणखी एक टक्का ओढून आणला तरी फरक ०.३५ चाच. एवढ्यासाठी कोणी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत नाही. वरचा थांबाही मुद्दाम ठेवला, कारण सणासुदीसारख्या तेजीच्या महिन्यात सगळी विक्री काही काउंटरच्या कष्टाची नसते.

वॉरंटीवरचे वेगळे पैसे पूर्ण काढले. तिची रक्कम साध्या विक्रीत धरली. उत्पादक कंपन्या एखाद्या मॉडेलवर काउंटरच्या माणसाला परस्पर बक्षीस देतात, तेही थांबवलं. सगळ्यात जास्त विरोध इथेच झाला आणि तो समजण्यासारखा होता. पण एका मॉडेलवर बाहेरून पैसे येत असतील, तर आतली योजना कितीही नीट बांधा, गिऱ्हाइकाला तेच मॉडेल दाखवलं जाणार.

दुसरा भाग पगाराच्या ५ टक्क्यांचा, कामाच्या तपासणीवर. ‘ग्राहकाभिमुख वृत्ती’ला पाचपैकी किती गुण, असले निकष सुपरवायझरच्या मूडवर चालतात. म्हणून डोळ्यांनी दिसेल आणि कानांनी ऐकू येईल तेवढंच ठेवलं, उत्तर फक्त हो किंवा नाही. माल दाखवण्याआधी वापर कुठे आणि किती, हे विचारलं का? गरज भागत असेल तिथे स्वस्त पर्यायही सांगितला का? जोडवस्तू एकदाच सुचवली आणि ‘नको’ म्हटल्यावर विषय सोडला का? परत करण्याच्या अटी पैसे घेण्याआधी सांगितल्या का? बिलातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ गिऱ्हाइकाला सांगितला का? पाचवा निकष क्षुल्लक वाटतो, पण न विचारता बिलात घातलेली वॉरंटी तिथेच पकडली जाते.

तीन महिन्यांत प्रत्येकाची आठ संभाषणं पाहायची, वेगवेगळ्या दिवशी आणि निम्मी तरी गर्दीच्या वेळी. आठ गुणिले पाच, म्हणजे ४० खुणा. ३२ ‘हो’ आले तर ५ पैकी ४ टक्के. त्या महिन्याचे ५.६ धरून एकूण ९.६ टक्के. काउंटरवरचा माणूस हा हिशोब स्वतः कागदावर करू शकतो, आणि योजना टिकायला ते फार गरजेचं आहे. सुरुवातीला दोन सुपरवायझरांनी एकाच संभाषणावर वेगवेगळ्या खुणा केल्या. घोटाळा ‘एकदाच सुचवली’ यात होता: गिऱ्हाइकानेच पुन्हा विचारलं तर ते दुसऱ्यांदा धरायचं का? धरायचं नाही, असं लिहून ठेवलं आणि मतभेद मिटले. महिन्यातून दोन संभाषणं दोघांनी मिळून पाहायची, हा नियम मात्र कायम ठेवला.

माल परत येण्याचं प्रमाण माणसागणिक मोजून पैसे कापावेत, असं मलाही आधी वाटलं होतं. ते चुकीचं होतं. एकाची ४० बिलं असतील, तर एक परत येणं आणि तीन परत येणं यातला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. शिवाय कापाकापी सुरू झाली की स्टाफ परत घेऊन आलेल्यालाच परतवून लावतो किंवा कारणाच्या रकान्यात ‘बिघाड’ लिहितो. म्हणून परताव्याचं कारण विकणाऱ्याने नव्हे, परतावा खिडकीवरच्या माणसाने नोंदवायचं आणि बिघाड वेगळा काढायचा. ‘गरज नव्हती’ किंवा ‘सांगितलं तसं नाही’ ही कारणं एकाच नावापुढे सलग तीन महिने जास्त दिसली, तरच त्याची संभाषणं जास्त पाहायची. पैसे तिथे कापायचे नाहीत.

पैसे द्यायचे कधी, यावरही अडलं. परत करण्याची मुदत ३० दिवसांची असल्याने खरा आकडा महिनाभराने कळतो. दिलेले पैसे परत मागणं कटकटीचं, आणि अनेक ठिकाणी पगारातून कापायला कायद्याची मर्यादाही असते. त्यामुळे ७० टक्के लगेच आणि उरलेले मुदत संपल्यावर, असं केलं.

जुन्या पद्धतीत सर्वाधिक कमावणाऱ्या दोघांचं नुकसान होणार होतं. तीन महिने जुनी आणि नवी, यातली जी रक्कम जास्त ती द्या, अशी सूचना आली. ऐकायला न्याय्य, पण त्यात जुनी योजना तीन महिने जिवंतच राहते आणि ते दोघे तीच खेळत राहतात. त्याऐवजी मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी ठरीव रक्कम तीन महिने दिली, विक्रीशी काहीही संबंध न ठेवता.

संघाच्या टार्गेटमध्ये एक भोक राहतंच: एखादा नुसता उभा राहतो आणि बाकीचे ओढतात. सहा जणांत ते लगेच दिसतं आणि आपापसांत सुटतंही; पंधरा-वीस जण असतील तर शिफ्टनुसार लहान गट पाडावे लागतील. वॉरंटीची विक्री मात्र घटणारच, हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावं. रद्द झालेल्या वॉरंट्या वजा केलेला जुना आकडा शेजारी मांडला, की ती घट दिसते त्यापेक्षा बरीच लहान निघते.