स्कायलँडर्सची नोंदवही: बाहुली काय उघडते आणि काय लक्षात ठेवते

मालवणात पाऊस लागल्यापासून मी ‘स्कायलँडर्स: स्पायरोज अ‍ॅडव्हेंचर’ हा २०११ सालचा खेळ जुन्या प्लेस्टेशन ३ वर पुन्हा खेळत आहे. टॉइज-टू-लाइफ या प्रकारात खरी बाहुली कन्सोलला जोडलेल्या ‘पोर्टल’वर ठेवली की तेच पात्र पडद्यावर अवतरते. बाहुलीच्या तळात बॅटरी नसलेली छोटी चिप असते. पोर्टलमधील अँटेनाच्या क्षेत्रातूनच तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला ओळख क्रमांक सांगते.

खेळातले प्रत्येक पात्र आठपैकी एका तत्त्वाचे असते आणि काही दारे त्या-त्या तत्त्वाच्या पात्रालाच उघडतात. या आठवड्यात ‘लाइफ’ तत्त्वाचे दार उघडले. मूळ संचातील स्पायरो, गिल ग्रंट आणि ट्रिगर हॅपी ही मंडळी अनुक्रमे मॅजिक, वॉटर आणि टेक या तत्त्वांची असल्यामुळे उरलेल्या पाच तत्त्वांची दारे त्यांना बंदच राहतात. लाइफ तत्त्वाची स्टेल्थ एल्फ ही बाहुली पोर्टलवर ठेवताच दार उघडले. दारामागचा भाग मात्र डिस्कवर पहिल्यापासूनच होता, म्हणजे आपण विकत घेतो ती किल्ली, खोली नव्हे. हे मला आजही थोडे खटकते. ट्री रेक्सही लाइफ तत्त्वाचाच, पण तो २०१२ च्या ‘जायंट्स’ या पुढच्या खेळातला असल्याने त्याचा क्रमांक या जुन्या खेळाला ओळखता येत नाही आणि दार तसेच राहते.

किल्लीपेक्षा मला चिपची स्मृती अधिक मोलाची वाटते. तिची क्षमता १ केबी आहे आणि पात्राची पातळी, नाणी, विकत घेतलेल्या शक्ती, डोक्यावरची टोपी, हे सारे तीत लिहिले जाते. त्यामुळे वेंगुर्ल्याला मामेभावाच्या वी कन्सोलवर माझी एल्फ सातव्या पातळीचीच निघाली. कथेतील प्रगती कन्सोलमध्ये साठत असल्याने ती मात्र घरीच राहिली.

मंगळवारी खेळ चालू असतानाच वीज गेली. परत आल्यावर एल्फची पातळी शाबूत होती, परंतु शेवटची काही नाणी नाहीशी झाली होती. चिपवर माहितीच्या दोन प्रती आलटूनपालटून लिहिल्या जातात आणि प्रत्येकीसोबत पडताळणीचा अंक असतो. त्यामुळे नवी प्रत अर्धवट राहिली असावी आणि खेळाने आधीची उचलली असावी, असा माझा अंदाज आहे.

दुसरी अडचण निराळी होती. पात्र सारखे येत-जात होते, म्हणून चिप बिघडली असे मी धरून चाललो होतो. मात्र सगळ्याच बाहुल्यांचे तसेच होत असल्याने दोष पोर्टलकडे असणार, हे लक्षात आले. पोर्टल लोखंडी टेबलावर ठेवले होते आणि धातूमुळे अँटेनाचे क्षेत्र क्षीण होते. आईचा फणसाच्या लाकडाचा पाट खाली घातल्यापासून पात्र एकदाही गेलेले नाही. आता आईला पाट परत हवा आहे.